तक्रारींची यादी ‘पाठवल्या’? चूक की चालतं?

सरळसोट : ‘सभासदांच्या तक्रारींची यादी कार्यालयाला पाठवल्या आहेत’ असं मी लिहिलं, तर एका विद्वानाने त्यावर लाल शाई ओतली. बोलताना सगळे असंच बोलतात. वाचणाऱ्याला कळलं ना? मग क्रियापदाने जवळच्या शब्दाचं ऐकलं तर बिघडलं कुठे?

कानामात्रा : बिघडलं तुमच्याच वाक्याच्या पोटात. तुम्ही ‘तक्रारींची’ लिहिलंत. तो ‘ची’ कुणामुळे आला? यादीमुळे. अनेक याद्या असत्या तर तुमच्याच हातून ‘तक्रारींच्या याद्या’ असं आलं असतं. म्हणजे ‘ची’ लिहिताना यादी एक होती आणि दोन शब्द पुढे जाऊन क्रियापदाशी पोचेपर्यंत ती अनेक झाली! शिवाय ज्या नामाला प्रत्यय लागलाय त्याच्याकडे मराठी क्रियापद बघतच नाही. ‘सभासदांच्या’, ‘तक्रारींची’, ‘कार्यालयाला’ हे तिन्ही त्यामुळे बाद. उरली यादी. ‘पाठवली आहे’. संपलं.

रोखठोक : संपलं कसं? ‘एक टेबल आणि दोन खुर्च्या मोडल्या’ हे शुद्धच आहे ना? तिथे क्रियापद शेवटच्या शब्दामागेच गेलं. जवळचा शब्द जिंकतो हा नियम मराठीत आहे, तुम्हाला गैरसोयीचा वाटला म्हणून लपवू नका.

कानामात्रा : आहे, पण बरोबरीच्या नामांसाठी. टेबल आणि खुर्च्या दोघंही मोडली, दोघांनाही प्रत्यय नाही. तक्रारी कुठे पाठवल्या? यादी पाठवली.

शेवटचं बाक : हे सगळं इंग्रजीमुळे. माझ्या मुलीचा ‘लिस्ट ऑफ बुक्स आर’ लिहिल्यामुळे गुण गेला. आता तीच सवय मराठीत शिरली आहे. आधी इंग्रजी माध्यमाचं काय ते बोला.

अर्धविराम : इंग्रजीने ही सवय मराठीला दिली नाही, ती घसरण माणसाच्या डोक्यात आहे. 1991 साली कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधकांनी लोकांना इंग्रजी वाक्यांची सुरुवात देऊन ती पूर्ण करायला सांगितली. कर्ता एकवचनी आणि मधलं नाम अनेकवचनी असलं की चुका वाढत. उलट्या बाजूने फारशा होत नसत. मराठीतही ‘याद्यांची प्रत आल्या’ असं निसटतं, पण ‘यादीच्या प्रती आली’ सहसा कुणी म्हणत नाही. आणि आपलं क्रियापद वाक्याच्या टोकाला, त्यामुळे कर्ता आणि ते यांच्यामध्ये हवी तेवढी गर्दी मावते.

पोटतिडीक : मग ‘मुख्याध्यापिका विद्यार्थ्यांसह आल्या’ हेही चूक म्हणणार का?

अर्धविराम : नाही, तो आदर. ‘विद्यार्थ्यांसह’ काढून वाचा, ‘मुख्याध्यापिका आल्या’ टिकतं. ‘धाकटी बहीण मैत्रिणींसह आल्या’ मधून ‘मैत्रिणींसह’ काढा, लगेच उघडं पडेल.

पोटतिडीक : आदराचंच बोलायचं तर बातम्यांत लोकांना लुबाडणारेसुद्धा ‘ते फरार झाले’! आणि राबणारा माणूस ‘तो आला’. हे कुठलं व्याकरण?

रोखठोक : शंभर टक्के! आमच्याकडे वरिष्ठांना ‘आले’ नाही म्हटलं तर मेमो मिळतो.

शेवटचं बाक : आणि मुलं आईला ‘तू’, वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात ते?

पोटतिडीक : आईला ‘तू’ म्हणण्यात जवळीक असते. तिथे तरी भांडण लावू नका.

शेवटचं बाक : जवळीक वडिलांशी नसते वाटतं? सोयीची जवळीक!

मुद्रितशोधक : भांडण झालं असेल तर मूळ मुद्द्यावर येतो. ‘कळलं ना’ हे मला पटत नाही. एका संस्थेच्या सूचनेत ‘निवड झालेल्या उमेदवारांची यादी उद्या लावल्या जातील’ असं छापलं. दुसऱ्या दिवशी लोक एक यादी वाचून दुसरी कुठे लावलीय ते विचारत होते. दुसरी नव्हतीच. मात्र कानामात्रांची ‘ची’ची युक्ती ‘चे’पाशी अडते. ‘मुलांचे पत्र आले’ आणि ‘मुलांचे निरोप आले’ : एक पत्र, अनेक निरोप, तरी ‘चे’ही तोच आणि ‘आले’ही तेच. तिथे घसरण झाली तरी दिसत नाही. ‘आहे’ की ‘आहेत’ लिहायची वेळ आली की मग चोर सापडतो.

कानामात्रा : ‘चे’चं बरोबर आहे. माझी तपासणी ‘चा’ आणि स्त्रीलिंगी नामाच्या ‘ची’पुरती धरा.

सरळसोट : वा, पंडितांनाही अपवाद लागले! ठीक आहे, ‘ची’ लिहून ‘पाठवल्या’ लिहिणं विसंगत, मानतो. लाल शाई तरी जास्तच होती. आता हे सांगा : ‘संतापलेल्या सभासदांचा गट घोषणा देत बाहेर पडले’. बाहेर माणसं पडली, गट नाही.

कानामात्रा : ‘पडला’. ‘चा’ बघा.

अर्धविराम : लिहिताना ‘पडला’च. बोलताना ‘पडले’ मी अडवणार नाही, कारण तिथे जीव माणसांत आहे. यादीला तेवढी सूट नाही.

कानामात्रा : म्हणजे सूट तुमच्या मर्जीने? मला मंजूर नाही.