अनुभव धागा: जाणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजरची हँडओव्हर नोट

पल्लवी_साइटवरून

बांधकाम, आयटी, सरकारी खातं, कारखाना, कुठेही चालू प्रकल्प दुसऱ्याच्या हातून घेतला असेल किंवा दिला असेल, तर त्या नोटेत काय होतं आणि काय असायला हवं होतं ते इथे लिहा. सुरुवात माझ्यापासून.

पुण्याजवळच्या एका व्यापारी इमारतीचं काम मी शेवटच्या टप्प्यात हाती घेतलं. माझ्या आधीच्या मॅनेजरने नोट मेहनतीने लिहिली होती. तीन तक्ते होते: करार, प्रलंबित मंजुऱ्या, व्हेंडरचे प्रश्न. करारांच्या तक्त्यात फायर फायटिंगच्या एजन्सीपुढे 'काम पूर्ण' होतं. मंजुऱ्यांच्या तक्त्यात 'फायनल फायर एनओसी – प्रलंबित' होतं. व्हेंडरच्या तक्त्यात, बऱ्याच खाली, त्याच एजन्सीपुढे 'शेवटचं बिल वादात' होतं. प्रत्येक ओळ खरी होती. पण या तिन्ही ओळी म्हणजे एकच गोष्ट आहे, हे नोटेत कुठेच नव्हतं.

मी आपली अग्निशमन विभागात खेटे घालत बसले. तिथल्या अधिकाऱ्यांनी फाइल उघडून दाखवली. त्यांच्याकडे काहीच अडलेलं नव्हतं. यंत्रणा बसवून चालू असल्याचं जे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सी देते, तो फॉर्म ए आलेला नव्हता, आणि बिल अडकल्यामुळे एजन्सी तो देत नव्हती. एनओसी नाही म्हणून भोगवटा प्रमाणपत्र नाही, आणि ते नाही म्हणून भाडेकरू आत येऊ शकत नव्हते.

वाद केवढा होता? बिल ९,२०,००० चं. त्यात भाडेकरूने फॉल्स सीलिंग बदलल्यामुळे वाढलेले ६४ स्प्रिंकलर, नग १,९०० प्रमाणे १,२१,६०० चे. हे मूळ करारात आहेत की जादा काम, एवढाच प्रश्न. त्यापायी अख्खं बिल थांबलं होतं. आम्ही वादातली रक्कम बाजूला काढली. उरलेल्या ७,९८,४०० मधून पाच टक्के रिटेन्शनचे ३९,९२० वजा करून ७,५८,४८० मंजूर केले (कर वेगळे). पैसे पोचल्यावर फॉर्म ए हातात आला. स्प्रिंकलरचा वाद पुढेही चालला, पण त्याच्यासाठी इमारत थांबली नाही.

तेव्हापासून कोणाकडून काम घेताना मी प्रत्येक प्रलंबित मंजुरीपुढे एकच गोष्ट विचारते: पुढचा कागद कोणी द्यायचा आहे, आणि तो का देत नाहीये?

कॉलमबीम

पल्लवीताई, तुमचं उदाहरण अगदी नेमकं आहे. मी कंत्राट विभागात आहे, बरीच वर्षं. माझा मुद्दा बँक गॅरंटीचा. नोटेत बहुधा 'बीजी आहे, रक्कम अमुक' एवढंच लिहितात. त्यावरून नव्या माणसाला काहीच कळत नाही.

पहिली गोष्ट, गॅरंटीच्या कागदावर बहुतेक वेळा दोन तारखा असतात. एक वैधतेची, दुसरी बँकेकडे दावा पोचण्याची शेवटची. नोटेत दोन्ही हव्यात, आणि शेवटचा दिवस रविवार किंवा बँकेची सुट्टी आहे का हेही. मूळ कागद कोणाच्या कपाटात आहे तेही लिहावं. फोटोकॉपीच्या फाइलवर विसंबून बसलेला माणूस ऐनवेळी मूळ कागद शोधत फिरतो.

दुसरी, रक्कम किती शिल्लक हवी. समजा चार कोटींचं काम, दहा टक्के मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स म्हणजे ४० लाख, आणि तेवढ्याचीच गॅरंटी. प्रत्येक आरए बिलातून दहा टक्के कापायचे ठरले. आजवर २ कोटी ६० लाखांची बिलं झाली, म्हणजे २६ लाख वसूल, १४ लाख बाकी. आता कंत्राटदार येऊन म्हणेल, 'आधीच्या साहेबांनी गॅरंटी कमी करतो म्हटलं होतं.' नोटेत १४ लाखांचा आकडा आणि त्याचा हिशेब असेल तर नव्या माणसाला त्याच दिवशी उत्तर देता येतं.

मुदत संपायच्या महिनाभर आधी वाढ मागायची. टाळाटाळ दिसली तर बँकेला पत्र जातं: मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या. वाढीचं पत्र कंत्राटदाराने आणून दिलं तरी ते खरंच बँकेचं आहे ना, याची खात्री थेट बँकेकडून करायची. हे सगळं कोणत्या टप्प्यावर आहे ते नोटेत नसेल तर नोट अपुरी.

सह्याद्रीकर

आयटीत आहे. आमच्याकडे बँक गॅरंटी वगैरे नसते, पण व्हेंडरचे पैसे हा मोठा विषय. आता नियमच आहे की सगळ्या व्हेंडरना ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर तो खर्च प्राप्तिकरात धरत नाहीत. म्हणून मी नोटेत प्रत्येक बिलापुढे ४५ दिवसांची तारीख टाकतो. सोपं आहे, सगळ्यांनी करावं.

लेखापाल_नाशिक

तारीख टाकता हे उत्तमच, पण सगळ्यांना ४५ नाही. हा नियम सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलांना आहे, मध्यम किंवा मोठ्यांना नाही. लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. करारात ६० लिहिलं असलं तरी ४५ च. आणि लेखी करार नसेल तर १५ दिवस. तुमच्याकडे छोट्या व्हेंडरला फोनवर काम सांगत असाल तर तुमच्या निम्म्या तारखा चुकतील. आणि खर्च कायमचा बुडत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षात धरला जातो. शिवाय उशिराचं व्याज लागतं ते वेगळं.

हँडओव्हरच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे. माल किंवा काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल, तर दिवस मोजायला हरकत दूर झाल्यावर सुरुवात होते. म्हणून 'बिल वादात' असं लिहून भागत नाही. हरकतीचा मेल कोणत्या तारखेला गेला ते लिहा. मेल गेलाच नसेल तर तेही लिहा, कारण मग कायद्याच्या लेखी वादच नाही आणि दिवस मोजले जाताहेत.

सह्याद्रीकर

१५ दिवसांचं माहीत नव्हतं. आमच्या दोन फ्रीलान्स टेस्टरांशी लेखी काही नाही. उद्याच बघतो.

चेअरमनकाका

आमच्या सोसायटीचा हँडओव्हर बिल्डरने अजून दिलेला नाही. लिफ्टची कागदपत्रं नाहीत, पंपाच्या वॉरंटीची नाहीत, गच्ची गळते तर वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो माझी मुदत संपली. बिल्डरचा जो माणूस हे सगळं बघायचा तो नोकरी सोडून गेला. आम्ही कोणाला धरायचं?

पल्लवी_साइटवरून

काका, धागा ऑफिसमधल्या नोटेचा आहे, पण तुमची अडचण तिथूनच निघते. वॉटरप्रूफिंगवाल्याची बिल्डरशी केलेली दोषदायित्वाची मुदत बऱ्याचदा वर्षभराची असते. बिल्डरची जबाबदारी मात्र रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षं. तुम्ही व्हेंडरशी बोलू नका, बिल्डरला लेखी कळवा. त्याने तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्ती करायला हवी. आणि प्रोजेक्ट मॅनेजरांनो, आपल्या नोटेत या दोन मुदती शेजारी शेजारी लिहा. व्हेंडरचं रिटेन्शन सोडायच्या आधी गच्चीची पाणी भरून चाचणी झाली का हे नव्या माणसाने बघायला हवं, कारण नंतरच्या गळतीचा खर्च आपल्याच अंगावर येतो.

चेअरमनकाका

ताबा मिळून चार वर्षं होत आली. म्हणजे घाई करायला हवी. लिफ्टचं काय?

निवृत्त_अभियंता

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात होतो. आमच्याकडे याला चार्ज देणं म्हणत. मोजमाप पुस्तकांना क्रमांक असतात, कोणतं पुस्तक कोणाकडे याची नोंदवही असते. देणारा आणि घेणारा दोघं सह्या करतात, आणि घेणारा साठ्यातल्या वस्तू मोजून घेतो. खाजगीतल्या तुमच्या नोटांवर घेणाऱ्याची सही असते का? नुसता मेल पाठवून माणूस निघून जातो असं ऐकतो. आमच्या पद्धतीत वेळ जायचा, पण 'मला हे सांगितलंच नव्हतं' असं कोणी म्हणू शकत नसे.

मोजमापाचं मात्र कटाक्षाने पाहा. जमिनीत किंवा काँक्रीटमध्ये झाकलं जाणारं काम जाणाऱ्यानेच मोजून नोंदवून जावं. नवा माणूस ते उकरून मोजणार नाही.

दोहावासी

इथल्या बऱ्याच करारांना फिडिकचा १९९९ चा नमुना असतो. त्यात कंत्राटदाराला वाढीव वेळ किंवा पैसे हवे असतील तर घटना कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते, नाहीतर हक्क जातो. मी कंत्राटदाराच्या बाजूला आहे. आमचा मॅनेजर बदलला तेव्हा क्लायंटने ड्रॉइंग बदलून दहाएक दिवस झाले होते. जाणाऱ्याने नोटेत 'ड्रॉइंग बदललं, परिणाम तपासत आहोत' एवढंच लिहिलं. येणाऱ्याला वाटलं, तपासून झालं की कळवू. त्याला २८ दिवसांची शेवटची तारीख दिसली असती तर हिशेब नंतर करून नोटीस आधी पाठवली असती. आता प्रकरण वकिलांकडे आहे.

अबोली_क

मी इंटिरियरच्या कामांवर असते. माझा प्रश्न तोंडी शब्दांचा. मी एका प्रकल्पातून निघताना एका सुतारकाम करणाऱ्या कंत्राटदाराबद्दल असं लिहिलं: '१४० रनिंग मीटर जादा पॅनेलिंग झालं आहे, मोजमाप दोघांच्या सहीने आहे. दर ठरलेला नाही. तो १,८५० मागतो, मी १,४५० म्हटलं, त्याने हो म्हटलेलं नाही.' फरक ५६,००० चा आहे. माझ्या वरिष्ठांनी शेवटचं वाक्य काढायला लावलं. त्यांचं म्हणणं, नोट पुढे लवादात गेली तर आपण १,४५० ला कबूल होतो असा अर्थ निघेल. मला वाटतं ते वाक्य नसेल तर नवा माणूस शून्यापासून सुरू करेल आणि कंत्राटदार १,८५० ठरल्याचं सांगेल.

कॉलमबीम

तुमचे वरिष्ठ सावध आहेत, चुकीचे नाहीत. पण काम झालं, मोजलं, दर बाकी, दोन्ही बाजूंचे आकडे अमुक ही वस्तुस्थिती आहे, ती राहायला हवी. मी असतो तर निघण्याआधी कंत्राटदारालाच मेल केला असता: 'दराबाबत चर्चा सुरू आहे, तुमचं दर विश्लेषण पाठवा.' मग नोटेत त्या मेलची तारीख पुरते. व्हेंडरच्या स्वभावाबद्दलची मतं मात्र समोर बसून सांगावीत.

निवृत्त_अभियंता

समोर बसून सांगितलेलं सहा महिन्यांनी कोणाला आठवतं? कामचुकार आहे असं लिहू नका, पण तीन वेळा तारीख चुकवली हे तारखांसह लिहायला हरकत नसावी.

अबोली_क

तारखांसह लिहिणं पटलं. पण ज्या साइटवर नवा माणूस मी गेल्यावर महिनाभराने आला, तिथे समोर बसणार कोण? आमच्याकडे तसंच झालं.

पल्लवी_साइटवरून

याचा अनुभव कोणाला असेल तर जरूर लिहा. मधल्या महिन्यात बिलांवर सही कोणाची होती तेही सांगा. आणि चेअरमनकाका, लिफ्टचा परवाना आणि देखभालीचा करार कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. परवान्याची प्रत निरीक्षक कार्यालयातून मागता येईल.