मदत हवी आहे: 'तू/तुम्ही'वर अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहितेय, मोजायचं नेमकं काय?

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, भाषाविज्ञानात एमए दुसरं वर्ष. एका कॉन्फरन्सला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायचंय, 300 शब्दांची मर्यादा आहे. विषय असा की पुण्यातली तरुण मुलं 'तुम्ही' सोडून 'तू'वर येतायत का. सोलापूरची निम्मी पोरं शिक्षणाला नाहीतर नोकरीला पुण्यातच असतात, सुट्टीला आली की त्यांच्या बोलण्यातला फरक कानाला जाणवतो, तिथून हे डोक्यात आलं. ड्राफ्टमधला मुख्य भाग असाय:

"पुण्यातील 18 ते 25 वयोगटातील मराठी भाषक तरुणांमध्ये आदरार्थी सर्वनामांचा वापर कमी होत असून वडील, नातेवाईक व कार्यालयातील वरिष्ठ यांच्यासाठी 'तुम्ही'ची जागा 'तू' घेत आहे. प्रस्तुत अभ्यासात 200 तरुणांकडून प्रश्नावली भरून घेऊन हा बदल मांडला जाईल. निम्मे पुण्यात वाढलेले व निम्मे सोलापूर जिल्ह्यातून आलेले असतील."

गाइड म्हणतात "ठीक आहे पण पद्धत ढिली वाटते", आणि एवढं बोलून ते बाहेरगावी गेलेत. ढिली म्हणजे कुठं ढिली ते सांगा कुणीतरी.

सुमनताई_जुळेसोलापूर
अगं बाळा चांगला विषय घेतलास. आमची सून पुण्याची, मुलाला सरळ नावानं हाक मारते आणि अरेतुरे करते, मी आयुष्यभर अहो म्हणत आले. मला वाईट वाटत नाही, पण पाहुण्यांसमोर तरी अहो म्हणावं की नाही? तूच सांग काय बोलावं तिला.

शेंगाचटणी
काकू, सुनेला काय सांगावं हे मी नाही सांगू शकत 😅 पण तुमचं उदाहरण वहीत लिहून ठेवलं.

हिंजवडीकर_सोलापुरी
यात अभ्यास काय करायचाय, उत्तर सरळ आहे. इंग्रजीत एकच 'यू' असतो, कंपनीत दिवसभर तेच बोलतो, मग मराठीत पण तू होतं. माझ्या टीम लीडला, मॅनेजरला सगळ्यांना आम्ही तू म्हणतो, नावानं. गूगल फॉर्म कर, ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो, 200 काय 500 भरून देतो.

जुना_मास्तर
फॉर्म 500 येतील, पण त्यातून कळेल ते वेगळंच. माणूस स्वतः काय बोलतो हे त्याला नीट ऐकू येत नाही, फॉर्म भरताना तो आपण काय बोलायला हवं ते लिहितो. पीटर ट्रडगिलनं इंग्लंडात नॉर्विच शहरात लोकांना विचारलं की तुम्ही अमुक शब्द कसा उच्चारता, आणि मग त्यांच्याच रेकॉर्डिंगशी ताडून बघितलं तर दोन्ही जुळेनात. कुणी स्वतःला होतं त्यापेक्षा प्रतिष्ठित सांगितलं, आणि पुरुषांपैकी बऱ्याच जणांनी उलट जास्त गावठी सांगितलं. 'तू/तुम्ही'त तर संस्कार, घराणं, सासर सगळंच आलं, त्यामुळे फॉर्मवर एकट्यानं भिस्त ठेवता येणार नाही. फॉर्म ठेवा, पण सोबत खरं बोलणं रेकॉर्ड करा.

आणि हिंजवडीकर, इंग्रजीतला 'यू' मुळात तुमच्या 'तुम्ही'सारखाच होता, 'तू'च्या जागी 'दाऊ' होतं ते मागं पडलं. म्हणजे इंग्रजीची नक्कल केली म्हणून 'तू'च उरायला हवं असं काही नाही. ऑफिसात नावानं हाक मारायची पद्धत इंग्रजीसोबत आली आणि नावासोबत तू आलं, एवढं मी मान्य करतो.

शेंगाचटणी
सर रेकॉर्ड करायचं मनात होतं. मुलं घरी फोन करतात ते कॉल घ्यायचे आणि 'तू' किती 'तुम्ही' किती मोजायचं. चालेल?

जुना_मास्तर
सर्वनामं मोजलीत तर हाती काही लागणार नाही, कारण मराठीत आपण सर्वनाम बोलतोच कुठं. समजा एक मुलगी वडिलांशी फोनवर असं बोलली:

"बाबा, जेवलात का? गोळ्या घेतल्या का? उद्या दवाखान्यात किती वाजता जायचंय? बरं, पोचल्यावर फोन करा."

यात 'तू' एकदाही नाही, 'तुम्ही' एकदाही नाही, तुमच्या मोजणीत शून्य. पण 'जेवलात' आणि 'करा' हे स्पष्ट तुम्हीवाले आहेत. म्हणजे मोजायची क्रियापदं.

आता उरलेली दोन बघा. 'गोळ्या घेतल्या का' हे तूवालाही म्हणतो आणि तुम्हीवालाही. पुस्तकात 'घेतल्यास' आणि 'घेतल्यात' असा फरक आहे, पण बोलताना तो स आणि तो त बरेच जण गाळतात, आणि इथं क्रियापद गोळ्यांच्या मागं जातं, बाबांच्या नाही. 'जायचंय'मध्ये तर माणूसच दिसत नाही. अशा वाक्यांचा तिसरा रकाना करा, त्याला 'न कळणारं' म्हणा. तो रकाना कचरा म्हणून टाकून देऊ नका, कारण ज्याला वडिलांना तू म्हणायला जीभ वळत नाही आणि तुम्ही म्हणणं परकं वाटतं तो नेमका तिथंच जाऊन लपतो. "कधी निघणार?", "जेवण झालं?", "काय करायचं मग?" असं करत अख्खा फोन काढणारी माणसं असतात.

शेंगाचटणी
बापरे, हे तर माझा मामेभाऊच करतो! पण सर तो मुद्दाम टाळतोय की वाक्यच तसं आलं हे कसं ओळखायचं?

जुना_मास्तर
त्याच मुलाचा आईशी झालेला फोन शेजारी ठेवा. आईला बहुतेक घरांत पहिल्यापासून तूच असतं, तिथं टाळायला कारण नाही. आईशी बोलताना समजा 100 क्रियापदांत 30 न कळणारी निघाली तर ती झाली त्याची नेहमीची सवय. वडिलांशी बोलताना तीच 60 झाली तर वरची 30 टाळाटाळ धरता येईल. हे आकडे उदाहरणापुरते.

अजून दोन खड्डे. फोन स्पीकरवर असेल आणि आईबाबा दोघं ऐकत असतील तर "कधी येताय?" मधला तुम्ही अनेकवचनाचा, आदराचा नाही, तो वगळा. आणि 'अरे बाबा' सापडलं की लगेच वडिलांना अरेतुरे झालं असं लिहू नका, "अरे बाबा, ऐकून तर घ्या" असंही लोक म्हणतात. आणि कॉल घेताना परवानगी दोन्ही टोकांची लागते, वडिलांचीसुद्धा.

पूर्वभाग
आमच्यासारख्यांचं काय करणार? घरात तेलुगू, नान्नाला मीरु, अम्माला नुव्वु. मराठी शाळेत आणि बाहेर. मी आता पुण्यात आहे. घरी फोन केला तर मराठी क्रियापद एक पण नाही सापडणार तुम्हाला. आणि मित्रांशी बोलताना तर सगळं 'काय बे'वरच चालतं.

शेंगाचटणी
हो ना, सोलापूरचा गट म्हटलं की तेलुगू, कानडी घरं येणारच, ती वगळली तर सोलापूर कसलं उरलं?

जुना_मास्तर
यावर येतो, पण आधी तुमच्या ड्राफ्टमधली खरी ढिली जागा दाखवतो, बहुतेक गाइडना तीच खटकली असावी. तुम्ही वडील आणि ऑफिसातले वरिष्ठ एका वाक्यात बसवलेत. वडिलांना काय म्हणायचं हे मूल बोलायला लागतं तेव्हाच घरात ठरतं, आई म्हणते "बाबांना या म्हण" आणि तेच जन्मभर चालतं. अठराव्या वर्षी पुण्याला गेलेली मुलगी दिवाळीला घरी येऊन वडिलांना एकदम तू म्हणायला लागली असं सहसा होत नाही. त्यामुळे 'शहरात गेल्यानं काय बदलतं' हे वडिलांवरून कळणारच नाही. ते कळेल नव्यानं जोडलेल्या नात्यांत, म्हणजे टीम लीड, पीजीवाल्या काकू, रूममेटचे आईवडील, जिमचा ट्रेनर. तिथं काय म्हणायचं हे त्या मुलीनं पुण्यात स्वतः ठरवलेलं असतं.

म्हणून एकाच माणसाची दोन नाती घ्या, एक गावाहून आणलेलं आणि एक पुण्यात जुळलेलं. सोलापूरचा मुलगा वडिलांना तुम्ही आणि चाळिशीच्या टीम लीडला तू म्हणत असेल तर शहराचा हात दिसला. पुण्यातच वाढलेला मुलगा दोघांनाही तू म्हणत असेल तर ती घरातल्या पिढीची गोष्ट, आणि ती दाखवायला त्याच्या आईवडिलांनाही विचारावं लागेल की ते त्यांच्या वडिलांना काय म्हणायचे. एका वयाच्या मुलांवरून 'कमी होत आहे' म्हणता येत नाही. आधी किती होतं ते कुठंय तुमच्याकडे?

पूर्वभाग यांना घरच्या भागातून वगळा, नव्या नात्यांच्या भागात ठेवा.

पूर्वभाग
म्हणजे अर्धा मोजणार मला 😀 पण मीरु-नुव्वुची सवय घेऊनच मी टीम लीडशी मराठी बोलतो, ती कुठं वगळणार?

जुना_मास्तर
ते खरंय. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

हिंजवडीकर_सोलापुरी
थांबा, मी आज मुद्दाम लक्ष ठेवलं. मॅनेजरला तू, बरोबर. पण गेटवरच्या सिक्युरिटी काकांना आणि कॅब ड्रायव्हर काकांना आम्ही सगळेच तुम्ही म्हणतो, "काका जरा थांबा ना". मॅनेजरचं वय 38, काका साठीचे. आणि अजून एक, मॅनेजरशी कामाचं अर्धं बोलणं इंग्रजीतच होतं, चहाला गेलो तरच मराठी.

जुना_मास्तर
हे तुमच्या 'यू'च्या सिद्धांतापेक्षा फार कामाचं. ब्राउन आणि गिलमन यांनी 1960 साली युरोपातल्या भाषांबद्दल मांडलं की अशी सर्वनामं आधी अधिकारावर चालायची आणि पुढं जवळिकीवर चालायला लागली. इथं अधिकारवाल्याला तू आणि पगारानं खालच्याला तुम्ही, म्हणजे वय अजून जागेवर आहे. शेंगाचटणी, दोन वरिष्ठ निवडताना एक तरुण आणि एक पन्नाशीपुढचा असं बघा, नाहीतर वय आणि पद यांची गल्लत होईल. आणि रेकॉर्डिंग चहाच्या टपरीवरचं घ्या, मीटिंगमधलं नको.

शेंगाचटणी
सगळ्यांना खूप थँक्स. आत्ता बसून परत लिहिलं, बघा:

"प्रस्तुत अभ्यास पुण्यातील 24 तरुण मराठी भाषकांच्या बोलण्यातील आदरार्थी रूपांची निवड तपासतो. त्यापैकी 12 पुण्यात वाढलेले व 12 सोलापूर जिल्ह्यातून अठराव्या वर्षानंतर आलेले असतील. प्रत्येकाची आई, वडील आणि पुण्यात ओळख झालेल्या दोन वरिष्ठ व्यक्तींशी झालेली संभाषणे सर्वांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केली जातील. सर्वनामांऐवजी क्रियापदरूपे मोजली जातील व ती तू, तुम्ही आणि संदिग्ध अशा तीन गटांत विभागली जातील. बालपणी ठरलेल्या नात्यांतील निवड स्थिर राहते आणि शहरात जुळलेल्या नात्यांत ती बदलते, हे गृहीतक तपासले जाईल."

200 वरून 24 वर आले, कमी नाही ना वाटणार? आणि तेलुगू-कानडी घरांचं वाक्य अजून टाकलेलं नाही.

जुना_मास्तर
24 जणांचे चार-चार संवाद म्हणजे 96 रेकॉर्डिंगं, ती लिहून काढताना समजेल कमी की जास्त ते. गृहीतकात 'स्थिर राहते' ऐवजी 'तुलनेने स्थिर राहते' करा. आजोबांच्या पिढीचा प्रश्न काढून टाकलात ते बरं केलंत, 300 शब्दांत मावला नसता, पण मग शीर्षकात 'बदल' ठेवू नका, 'निवड' ठेवा.

पूर्वभाग
माझं वाक्य टाकायच्या आधी इथं दाखवा. आणि 12 मध्ये घरी तेलुगू बोलणारे किती घेणार ते पण लिहा, नाहीतर रिव्ह्यूवाले तेच विचारतील.

सुमनताई_जुळेसोलापूर
माझ्या सुनेचा फोन नंबर पाठवू का, ती पुण्यातच असते, 27 ची आहे, चालेल का?

शेंगाचटणी
काकू, वय 18 ते 25 ठेवलंय ना 🙈 आणि नंबर इथं टाकू नका, आधी तिला विचारा. ती हो म्हणाली तर वयाची मर्यादा 28 करायची का, सर?