अनुभव धागा: साइज चार्टचा स्क्रीनशॉट आणि सेंटिमीटरमधली मापं, तुम्ही आकार कसा ठरवता?

सुईदोरा

ऑनलाइन कपडे घेताना साइज चार्टचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, घरच्या मोजपट्टीने घेतलेली मापं शेजारी मांडायची आणि आकार ठरवायचा, हे आता बहुतेकजण करतात. तरी कपडे परत पाठवायची वेळ येतेच. या धाग्यावर नेमकं कुठे चुकतं, ते अनुभवी मंडळींनी सांगावं. गप्पा हवेत राहू नयेत म्हणून एक उदाहरण देते.

मापं अंगावरची: छाती 97, कंबर 84, सीट 106, खांदा 39. सगळी सेंटिमीटरमध्ये. कपडा म्हणजे टी-शर्टसारखा न ताणणारा, साध्या सुती कापडाचा, कंबरेत बसता आणि पाठीला चेन असलेला ड्रेस. स्क्रीनशॉटमधला तक्ता असा:

एस: छाती 90, कंबर 74, सीट 98, खांदा 37, लांबी 108
एम: छाती 95, कंबर 79, सीट 103, खांदा 38, लांबी 110
एल: छाती 100, कंबर 84, सीट 108, खांदा 39, लांबी 112
एक्सएल: छाती 106, कंबर 90, सीट 114, खांदा 40.5, लांबी 114

तक्त्याच्या वरची ओळ कापली गेली आहे. कोणता आकार घ्याल आणि का?

रानवारा

एल. कंबर 84 ला 84 तंतोतंत जुळते, खांदाही जुळतो, छाती आणि सीट दोन्हीकडे दोन-तीन सेंटिमीटर जागा उरते. यात विचार करण्यासारखं काय आहे?

शिवणकाम

रानवारा, तंतोतंत जुळतं तिथेच थांबायला हवं. कापलेल्या त्या ओळीत सगळं उत्तर आहे. हा तक्ता शरीराच्या मापांचा आहे की तयार कपड्याच्या मापांचा, हे आधी ठरवावं लागतं.

शरीराचा तक्ता असेल तर एल बरोबर. तिथे कंपनी म्हणते, 'छाती 100 पर्यंत आणि कंबर 84 पर्यंतच्या व्यक्तीसाठी हा आकार.' हालचालीसाठी लागणारा सैलपणा त्यांनी कपड्यात आधीच धरलेला असतो.

तोच तक्ता कपड्याचा असेल तर एलच्या ड्रेसची कंबर 84 आणि तुमचीही 84. सैलपणा शून्य. चेन कदाचित लागेल, पण जेवल्यावर किंवा बसल्यावर शिवण ताणली जाईल. छातीला 3 आणि सीटला 2 सेंटिमीटर उरतात, आणि न ताणणाऱ्या कापडाला तेही कमीच. एक्सएलमध्ये छातीला 9, कंबरेला 6, सीटला 8 मिळतात. बसत्या ड्रेसला छातीत 6 ते 8, कंबरेत 3 ते 5 आणि सीटला 4 ते 6 सेंटिमीटर सैलपणा मी धरते. म्हणजे एक्सएल थोडा मोकळा बसेल, पण घालता येईल.

या स्क्रीनशॉटमध्ये लांबीचा रकाना आहे. 112 ही कुणाच्या शरीराची लांबी नाही, ड्रेसचीच आहे. त्यामुळे माझा कौल 'कपड्याची मापं' आणि म्हणून एक्सएल.

निशिगंध

अगदी बरोबर. ओळखायला सोपी खूण सांगतो. 92-96 अशी मर्यादा दिली असेल तर शरीराचं माप, एकच आकडा दिला असेल तर कपड्याचं.

शिवणकाम

निशिगंध, अर्धं पटतं. मर्यादा दिली असेल तर बहुतेक वेळा शरीरच असतं. पण उलट बाजू तशी पक्की नाही. एकेकच आकडा देणारे शरीराचे तक्तेही भरपूर असतात. त्याहून फसवे म्हणजे मिसळलेले तक्ते: छाती, कंबर, सीट शरीराची आणि लांबी मात्र कपड्याची. सुईदोरा यांचा तक्ता तसाही असू शकतो, म्हणून 'कौल' म्हटलं. लांबीसोबत मुंढा, बाहीचं तोंड, खालचा घेर असे रकानेही दिसले की कपड्याची खात्री वाढते, कारण शरीराच्या तक्त्यात ती सहसा देत नाहीत. तक्त्याखाली 'हाताने मोजल्यामुळे 1 ते 3 सेंटिमीटर फरक पडू शकतो' अशी तळटीप असेल तर तोही कपड्याचाच तक्ता समजावा.

स्क्रीनशॉट घेताना म्हणून वरचं शीर्षक, खालची टीप आणि एकक हे तिन्ही चौकटीत यायलाच हवं. मावत नसेल तर दोन स्क्रीनशॉट घ्या.

अनघा_क

एकक म्हटलंत म्हणून सांगते. सेंटिमीटर आणि इंच यांचं बटण तक्त्याच्या वर असतं आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमकं कोणतं निवडलंय ते फिकट दिसतं. आकड्यांवरूनही कळतं. छातीच्या रकान्यात 34, 36, 38 असं दिसलं तर ते इंच, 2.54 ने गुणायचं. 38 म्हणजे 96.5.

पण 45, 47.5, 50 असे आकडे असतील तर गुणायला बसू नका. ते सेंटिमीटरच असतात, फक्त कपडा सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजलेले. दुप्पट केले की घेर मिळतो: 90, 95, 100. एका आकारातून दुसऱ्यात जाताना उडी किती आहे ते पाहा. पूर्ण घेरात साधारण 4 ते 6 सेंटिमीटरची उडी असते, सपाट मापात तिच्या निम्मी.

आणखी एक: 81, 86, 91, 97, 102 अशी मालिका दिसली तर तो मुळात इंचांचा तक्ता आहे. 32 पासून दोन-दोन इंचांनी चढलेला आणि मग सेंटिमीटरच्या पूर्णांकात आणलेला. त्यातल्या एका सेंटिमीटरच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पाऊलवाट

माझी शंका विचारू का? मुलासाठी जॅकेट घ्यायचं आहे, तक्त्यात 50 लिहिलंय आणि त्याची छाती 100 आहे. मग 50 म्हणजे सपाट माप झालं ना?

अनघा_क

पाऊलवाट, ते माप नाही, आकाराचं नाव आहे. युरोपातल्या काही देशांत पुरुषांच्या जॅकेटचा क्रमांक छातीच्या सेंटिमीटरचा निम्मा असतो, म्हणून 50 हे 100 छातीसाठी. ते शरीराचं माप झालं, वर वेगळा सैलपणा मिळवू नका. त्याच जॅकेटवर ब्रिटिश-अमेरिकन क्रमांक 40 असेल, कारण तिथे छातीचे इंच लिहितात. हे जॅकेटपुरतंच. महिलांच्या कपड्यांचे 38, 40 हे क्रमांक अशा हिशोबाने सोडवता येत नाहीत.

रानवारा

मग सरळ एक आकार मोठा घ्यावा. सैल झालं तर शिंप्याकडून घट्ट करून घेता येतं, घट्ट झालं तर मात्र काही करता येत नाही.

शिवणकाम

कंबर आणि बाजूच्या शिवणी आत घेता येतात, ते खरं. खांदा मात्र आकाराबरोबर वाढतो आणि तो आत घ्यायचा म्हणजे बाही उसवून मुंढा पुन्हा कापायचा. एक आकार मोठ्यात 1 ते दीड सेंटिमीटर खांदा चालतो, दोन आकार मोठ्यात बाही दंडावर उतरते आणि मुंढाही खाली जातो, मग हात वर केला की अख्खा कपडा वर येतो.

शिवण सोडवून सैल करणं म्हणाल तर तयार कपड्यात शिवणीच्या आत बरेचदा 1 सेंटिमीटरच कापड असतं. त्यात वाढवण्यासारखं काही उरत नाही.

मेघमल्हार

मी खांद्यावरून आकार ठरवतो, बाकी सगळं नंतर. शर्ट-जॅकेटला हाच नियम.

शिवणकाम

शर्टला मान्य. या ड्रेसला नाही. इथे कंबरेसोबत अडणारी जागा सीट आहे, कारण कापड ताणत नाही आणि ड्रेस तिथे सरळ उतरतो. खालून घेर सुटणारा असता तर सीटचा रकाना मी बघितलाच नसता.

मेघमल्हार

खांदा उतरलेला ड्रेसही वाईटच दिसतो. मी तरी खांद्यावरच राहीन.

निशिगंध

कापडात 3 टक्के इलॅस्टेन असेल तर? मग एल चालेल ना?

सुईदोरा

वर्णनात नुसतं कॉटन लिहिलंय. पण प्रश्न चांगला आहे, कोणी सांगावं.

शिवणकाम

टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडात आणि ताग्याच्या साध्या कापडात फरक आहे. टी-शर्टला 0 ते 5 सेंटिमीटर सैलपणा पुरतो, पोहण्याचे कपडे तर शरीरापेक्षा लहानच शिवतात. साध्या कापडात थोडं इलॅस्टेन घातलं तर बसता-उठताना सुसह्य होतं, पण बहुधा आडव्या बाजूलाच ताणतं. कंबरेला शून्य सैलपणा असताना मी त्यावर विसंबणार नाही. शिवताना एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतातच, आणि ते कमीच्या बाजूला गेले की संपलं.

चाफेकळी

कुणी मोजण्याबद्दल बोललंच नाही. 97 छाती जाड कपड्यावरून घेतली असेल तर ती 95 असू शकते. पातळ कपड्यावर, पट्टी पाठीमागे काखेखाली आडवी, पुढे सर्वात भरलेल्या भागावर, श्वास नेहमीसारखा. पाठीमागे पट्टी खाली घसरते आणि आरशाशिवाय ते कळत नाही. सीट उभ्याने मोजा आणि मग खुर्चीत बसून पुन्हा मोजा. बसल्यावरचं माप वाढतं, आणि अशा ड्रेसला तेच लागतं.

कंबरेला दोन जागा असतात. ड्रेससाठी बरगड्यांच्या खाली, वाकल्यावर घडी पडते तिथे. पॅन्टसाठी पट्टा बसतो तिथे. दोन मापांत बरेच सेंटिमीटर फरक निघतो आणि तक्ता 'कंबर' एवढंच म्हणतो.

अनघा_क

म्हणूनच पॅन्टला मी अंगाचं माप वापरतच नाही. नीट बसणारी पॅन्ट बटण लावून सपाट पसरायची, कंबरपट्टीची वरची कड मोजून दुप्पट करायची, मांडी जांघेच्या शिवणीखाली आडवी मोजायची आणि हे कपड्याच्या तक्त्याशी ताडून पाहायचं. कपडा विरुद्ध कपडा, सैलपणाचा हिशोबच नको. ड्रेसलाही करता येईल: नीट बसणारा, त्याच जातीच्या कापडाचा ड्रेस काखेच्या 2-3 सेंटिमीटर खाली मोजा.

सुईदोरा

तसा एक ड्रेस आत्ताच पसरून मोजला. साधं सुती कापड, चेन लावलेली, सपाट छाती 52.5, कंबर 44.5, सीट 56.5. दुप्पट 105, 89, 113.

अनघा_क

मग तक्ता कपड्याचा असेल तर एक्सएलपासून तुम्ही प्रत्येक जागी फक्त 1 सेंटिमीटर दूर आहात. एक्सएल.

रानवारा

आणि शरीराचा असेल तर एल. म्हणजे ती वरची ओळ बघितल्याशिवाय मागवायचं नाही.

पाऊलवाट

सुईदोरा ताई, मूळ पान पुन्हा उघडून शीर्षक दिसतंय का?

सुईदोरा

पान उघडलं. शीर्षक नुसतं 'साइज चार्ट' आहे, ना शरीर ना कपडा. एकक सेंटिमीटर. खाली टीप आहे, 'मापात 2 सेंटिमीटरपर्यंत फरक संभवतो'.

शिवणकाम

त्या टिपेवरून कपड्याकडे झुकतं, पण विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: 'एल आकाराच्या ड्रेसची कंबर सपाट ठेवून किती भरते?' 42 सांगितलं तर एक्सएल मागवा. 44 किंवा 45 सांगितलं तर एल.