मोठ्या बाईंचा परिचय कसा लिहिलात? (अनुभव धागा)

कळवेकर: गॅदरिंगच्या पुस्तिकेत मोठ्या बाईंचा परिचय लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण मी पालक संघात आहे आणि ग्रुपवर लांब मेसेज लिहितो. फोटोशेजारी जेमतेम शंभर शब्दांची जागा. शाळेला त्यात शैक्षणिक काम हवंय, पालकांचा विश्वास हवाय आणि बाईंची माया पण. पहिल्या खर्ड्यात कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, उपक्रमशील, विद्यार्थिप्रिय सगळं आलं, तर बायको म्हणाली हा नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे का. कुणी लिहिलंय का असं? अनुभव सांगा.

ऐरोलीच्या निवृत्त बाई: पंधराएक वर्षं आमच्या शाळेची पुस्तिका मीच बघायचे. मीही आधी तुमच्यासारखंच करायचे, एक परिच्छेद निकालाचा, एक पालकांचा, एक मायेचा, आणि तिन्ही पोकळ. मग एका वर्षी वेगळं केलं. आमचे बरेच पालक एमआयडीसीत शिफ्टला जाणारे, शनिवारी अकराच्या पालकसभेला वर्गामागे दहा-बारा जण यायचे. नवीन हेडबाईंनी सभा रविवारी संध्याकाळी सातला ठेवली आणि आईवडिलांपैकी कुणीच येणार नसेल तर आजी चालेल म्हणून सांगितलं. दोन-तीन महिन्यांत वर्ग भरायला लागला, कोणाचं मूल गणितात कुठे अडलंय ते पालकांसमोर वही उघडून बोलता यायला लागलं. मी तेवढंच लिहिलं. शिकवणं, विश्वास, आपुलकी तिन्ही त्या एका रविवारात आलं, वेगळं काही म्हणावं लागलं नाही. तुमच्या बाईंचं असं काय आहे ते शिपाईमामांना विचारा, स्टाफरूमपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

घोडबंदर_बाबा: मला वाटतं डिग्र्या आणि निकाल आधी यायला पाहिजेत, पालक तेच बघतात. एम.ए., बी.एड., डी.एस.एम., मग दहावी १०० टक्के. बाकी भावनिक गोष्टी भाषणात.

ऐरोलीच्या निवृत्त बाई: निकाल हवाच, बाबा. पण नुसतं १०० टक्के लिहिलं की लोक विचारतात किती बसले होते? १८ पैकी १८ आणि १८० पैकी १८० यात फरक आहे, म्हणून बसलेल्यांचा आकडा सोबत द्यायचा. आणि तो निकाल दहावीच्या शिक्षकांचाही असतो, सगळा बाईंच्या नावावर टाकला की स्टाफरूममध्ये चहा कडू लागतो. डिग्र्या नावाखाली बारीक अक्षरात. निवेदक तोच मजकूर स्टेजवर वाचतो, डी.एस.एम. ला अडखळतो आणि मागची पोरं हसतात.

वाशी_मम्मी: आमच्या प्रिन्सिपल सरांनी तर स्वतःच लिहून दिलं, प्रिय विद्यार्थ्यांनो म्हणून सुरुवात, दोन पानं!

ऐरोलीच्या निवृत्त बाई: अहो ते मनोगत. ते त्यांचं, मी-मी करून. परिचय दुसऱ्याने लिहायचा.

नौपाडा_डीटीपी: माझं छपाईचं काम आहे म्हणून माझं दुखणं सांगतो. मजकूर फोनवरून पेस्ट करून पाठवतात, आमच्याकडे जुन्या फॉन्टमध्ये सगळं बसवलेलं असतं, जोडाक्षरं फुटतात. एका शाळेत 'मुख्याध्यापिका' मधला ध्या तुटला आणि दोघांनी प्रूफ बघूनही सुटला, कारण सगळे फोटो बघत होते. प्रिंट काढून मोठ्याने वाचा, स्क्रीनवर नको. आणि शेवटच्या रात्री 'एक ओळ वाढवा' नको, मधे पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असतात, एक ओळ दुसऱ्या पानावर गेली की चार पानं वाढतात.

कळवेकर: मामांना विचारलं! बाई रोज पावणेसातला गेटवर असतात हे माहीत होतं, पण का ते आज कळलं. एका पावसाळ्यात पोरं उशिरा यायची आणि पहिला तास गणिताचा, तोच बुडायचा. बाईंनी ओरडायच्या ऐवजी गेटवर उभं राहून कारणं विचारली, मग गणित तिसऱ्या तासाला नेलं. लिहिलंय असं:

"बाई रोज पावणेसातला गेटवर भेटतात. उशिरा येणाऱ्यांना त्या आधी कारण विचारतात. त्या उत्तरांमुळेच आपल्या शाळेत गणिताचा तास तिसरा झाला. गेल्या वर्षी दहावीला बसलेले ६४ पैकी ६४ विद्यार्थी पास झाले, तेव्हा बाईंनी आधी गणिताच्या शिक्षकांना पेढा भरवला."

अजून एक आहे, एका मुलीची फी बाईंनी स्वतः भरली, ते पण टाकू का? नाव नाही लिहिणार.

ऐरोलीच्या निवृत्त बाई: पेढ्यावर थांबा. नाव नसलं तरी वर्गाला कळतं कोण ते, आणि ती मुलगी त्या दिवशी स्टेजवर नाचणार असेल.

वाशी_मम्मी: पण त्यातच खरी माया दिसते ना? आईला विचारून टाकलं तर?

ऐरोलीच्या निवृत्त बाई: आई हेडबाईंच्या उपकाराखाली आहे, ती नाही कशी म्हणेल?

कळवेकर: बाईंना खर्डा दाखवलाय. त्या म्हणाल्या, पेढा मी नाही, मामांनी भरवला होता. आता काय करू 🙈