मदत हवी आहे: सामाईक विहिरीच्या कथेला शेवटची म्हण

कथेत दोन शेजारी, विहीर एक. दोघांची पाळी चार-चार तासांची. पण पहिला रोज सकाळी भरलेली विहीर उपसतो. दुसऱ्याला झऱ्यांतून पाझरेल तेवढंच, दीड तासात मोटर हवा ओढू लागते. शेवटी ते दिवसाआड पाळी उलटवतात. इथवर जमलंय, अडलंय म्हणीपाशी.

'समान वेळ म्हणजे समान न्याय नव्हे' हे भाषणच झालं. 'तास सारखे, वाटे पारखे' यात यमक आहे, पण पारखा होतो तो माणूस, वाटा नव्हे. 'पहिल्याला पाणी, दुसऱ्याला गाळ' नेमकं आहे, पण नुसती तक्रार. तोडगा येत नाही.

म्हण नवी हवी, सहा-सात शब्दांची, 'न्याय' शब्द टाळून. पाळी उलटवणं दोन तुकड्यांत कसं बसवावं?