मदत हवी आहे: १५० मिलीचा कप आणि ३०० मिलीचा मग, दोन्हींना एकच दुधाचा जग चालेल का?

सायसाखर
नमस्कार मंडळी. घरी एस्प्रेसो मशीन येऊन तीन महिने झाले. ह्यांना १५० मिलीच्या कपात कॅपुचिनो लागते, मला ३०० मिलीचा मग भरून लाटे. मोठा जग दोन्हींना चालेल अशा हिशोबाने ६०० मिलीचा स्टीलचा जग घेतला.

माझा मग बरा होतो. ह्यांच्या कपाचं मात्र रोजचं रडगाणं. कपापुरतं १२० मिली दूध घेतलं की वाफेच्या नळीचं टोक धड बुडत नाही, दूध ओट्यावर उडतं आणि नीट फिरायच्या आतच जग हाताला पोळायला लागतो. वर भांडी घासतानाच्या साबणासारखे मोठमोठे बुडबुडे. ओतताना आधी पातळ दूध पळतं, फेस आत रेंगाळतो आणि शेवटी बदकन कपात पडतो.

मला चोचीचा दोष वाटतोय. माझ्या जगाची चोच रुंद, गोलसर आहे. अरुंद चोचीचा ६०० मिलीचाच दुसरा घेऊ का?

कपबशी
हो, घेऊन टाक. निमुळत्या चोचीने धार बारीक येते, हात स्थिर राहतो. पानाची नक्षी काढणारे सगळे तसलेच जग वापरतात. मी बदलला आणि आठवड्यात फरक दिसला.

चहाबाज_काका
अगं, वाफेच्या भानगडीत कशाला पडतेस? दूध पातेल्यात मंद आचेवर ठेव, वर लाकडी उलथनं आडवं टाक, उतू जाणार नाही. आमच्याकडे चहाच्या किटलीची तोटीसुद्धा गळायची. तिच्या टोकाला खालून तुपाचं बोट लावायचो, थेंब ओघळायचे बंद.

सायसाखर
काका, दूध उतू जात नाहीये, फेस नीट होत नाहीये 🙂 पण तुपाचं लक्षात ठेवते.

रात्रपाळी_बरिस्ता
पुण्यात सहा वर्षं कॅफेत होतो, म्हणून लिहितो. ताई, चोच नंतर. आधी एक करा: जगात १२० मिली पाणी घाला आणि पट्टी उभी धरून खोली मोजा. जगाच्या तळाची रुंदीही मोजा.

सायसाखर
मोजलं. तळ ९ सेंटीमीटर रुंद, पाणी जेमतेम २ सेंटीमीटर.

रात्रपाळी_बरिस्ता
तिथेच घोळ आहे. टोक पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवून दूध गोल फिरवायचं असतं. दोन सेंटीमीटरमध्ये टोक जरा वर आलं की हवा भसाभस आत शिरते, जरा खाली गेलं की तळावर आपटतं. त्यात दूध थोडं असल्याने पटकन तापतं, म्हणजे बुडबुडे मोडून एकजीव व्हायला वेळच मिळत नाही. साडेतीनशेच्या जगाचा तळ साधारण ७ सेंटीमीटर असतो. तेच १२० मिली त्यात ३ सेंटीमीटर चढतं. ऐकायला फरक एका सेंटीमीटरचा, पण टोकाला फिरायला जागा मिळते ती तेवढ्यातच.

ओतण्याचं दुखणंही बरंचसं त्यातूनच येतं. रुंद जगात तळाशी दूध असेल तर ते चोचीपर्यंत आणायला जग जवळजवळ आडवा करावा लागतो. मग पातळ दूध एकदम पुढे धावतं आणि फेस मागच्या भिंतीला चिकटून राहतो. जग योग्य भरलेला असेल तर थोड्याशा कलण्यानेच दूध चोचीला लागतं आणि धार मनगटाच्या ताब्यात राहते.

दूध किती घ्यायचं तेही सांगतो. कप १५० मिलीचा, त्यात एस्प्रेसो ४० मिली धरा. उरली जागा ११० मिलीची. दूध फेसाळून पाचव्या हिश्शाने वाढेल असं धरलं तर ९० मिली थंड दूध पुरतं. जगात थोडं उरतंच, म्हणून तुमचे १२० मिली बरोबर आहेत.

कपबशी
मग सरळ साडेतीनशेचा घेऊन दोन्ही पेयं त्यातच करावीत ना? लहान जग हाताला हलकाही असतो.

रात्रपाळी_बरिस्ता
मगाचा हिशोब करून बघा. ३०० वजा ४०, म्हणजे २६० मिली फेसाळलेलं दूध. थंड दूध साधारण २२० मिली लागलं. हे साडेतीनशेच्या जगात घातलं की फेसाळून २६५ च्या घरात जातं. आणि जगावर लिहिलेले मिली काठोकाठ भरल्याचे असतात. फेस एकजीव करायला जग गोल हलवला की दूध मनगटावर. सुरुवातीचं थंड दूध चोचीची घडी जिथे सुरू होते त्याच्या खालीच राहायला हवं.

म्हणून कपाला ३५०, मगाला आहे तोच ६००. एकच ठेवायचा हट्ट असेल तर ५०० चा मधला चालतो, पण कपाला तो थोडा उथळच पडेल.

सायसाखर
आणि दोघांचं दूध ६०० मध्ये एकदमच फेसाळून त्यातलं कपापुरतं लहान जगात काढून घेतलं तर?

रात्रपाळी_बरिस्ता
कॅफेत तसंच करायचो. अट एकच, काढण्याआधी जग चांगला गोल हलवायचा आणि लगेच ओतायचं. थांबलात तर फेस वर येतो, एकाला सगळा फेस आणि दुसऱ्याला नुसतं गरम दूध. तुमचं मशीन घरगुती आहे, ३४० मिली तापायला वेळ लागेल. तोवर एस्प्रेसो निवतो, म्हणून तो मागाहून काढा.

चोचीबद्दल माझं मत: रुंद गोल चोचीतून फेस सहज बाहेर येतो, बदाम किंवा ट्युलिप जमतं. अरुंद चोच पानाच्या बारीक रेषांसाठी चांगली, पण फेस जाडसर असेल तर तिथेच अडतो आणि गोळे पडतात. तुमचा फेस सध्या जाडसर आहे, तेव्हा गोलच बरी.

कपबशी
इथे मी सहमत नाही. लहान कप रुंद चोचीने नक्षी उमटायच्या आत भरून जातो. मला तरी अरुंदच जमली.

रात्रपाळी_बरिस्ता
कप पटकन भरतो हे खरं. फेस पातळ जमत असेल तर तुमचंही बरोबर. दुकानात पाणी मागून ओतून बघा, सगळ्यात उत्तम. धार सुरू होताना फाकते का आणि हात उचलल्यावर चोचीखाली थेंब ओघळतो का, ते दिसेल. चोच मुठीच्या अगदी समोर आहे का तेही पाहा. स्वस्त जगांत ती थोडी वाकडी बसलेली असते आणि सरळ धरूनही धार बाजूला जाते.

सायसाखर
दहा दिवसांनी परत आले. ३५० चा, गोल चोचीचा घेतला. दूध वाया जाऊ नये म्हणून आधी पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून सराव केला (नंतर जग दोनदा धुतला, तरी ह्यांनी वास घेऊनच कप उचलला). दूध उडणं बंद झालं. फेस ओल्या रंगासारखा चकाकतो, शेवटचं बदकन पडणंही गेलं. मग अजून ६०० मध्येच करते.

पण बदाम कायम डावीकडे सरकतो. चोच मुठीसमोर धरून पाहिली, डोळ्यांना तरी सरळ दिसते. मी डावखुरी आहे, त्याचा काही संबंध?

कपबशी
कप कोणत्या हातात आणि कसा तिरका धरतेस? फोटो टाक.