झेडपीचा रेट फिक्स, मग बोलायचं कशावर?

वर्कशॉपवाला, दिग्रस: झेडपीकडून ४०० बेंचची ऑर्डर लागली, ६५०० रुपये नग, ६० दिवसांत ३८ शाळांत पोच. टेंडर भरल्यावर पाईप महागला. साहेब म्हणते रेटवर बोलूच नका. मग बोलायचं कशावर?

यवतमाळकर: रेटचा विषय सोडूनच दे भाऊ. तुला वाढवून देल्ला तर टेंडरमधला दुसऱ्या नंबरवाला उद्याच तक्रार टाकते अन् ऑडिटमध्ये साहेबच अडकते. पण माल कोणत्या क्रमानं येईल, तपासणी कुठं अन् बिल कधी, याच्यात तो हलू शकते, फक्त त्याला फाईलवर लिहाले कारण पाहिजे. अर्ज दे, १००-१०० चे चार लॉट, तपासणी वर्कशॉपवरच, म्हणजे खराब बेंच शाळेतून परत आणायचा ताप नाही, अन् पोचपावतीवर त्या लॉटचं बिल. पहिल्या लॉटचे साडेसहा लाख निघाले की पुढचा पाईप रोखीनं घेता येते. जास्त पोरांच्या शाळा आधी घेतो असंही लिही, साहेबाला तेच कारण कामी येते. ऑर्डरमध्ये 'पूर्ण पुरवठ्यानंतरच देयक' लिहिलं असेल तर मात्र बिलाचं कठीण आहे.

पुसदचा सप्लायर: एवढं कायले, पंचायत समितीत माल उतरवतो म्हणा, भाडं वाचते. अन् उशीर झाला तं मुदतवाढ मागायची, भेटतेच, दंड नाही लागत.

निवृत्त लेखा लिपिक: दोन्ही गोष्टी धोक्याच्या. शाळेत पोच धरूनच सगळ्यांनी रेट भरले होते, आता जागा बदलली म्हणजे मागल्या दारानं रेट वाढवल्यासारखंच, मी असतो तर ती फाईल परत केली असती. अन् मुदतवाढ दंडासहितही मिळते. उशीर ऑफिसमुळे झाला हे कागदावर दिसलं तरच दंड सुटतो.

यवतमाळकर: जागेचं बरोबर आहे काका. पण दंड कशावर ते आधी विचारून घ्या. आठवड्याला अर्धा टक्का धरा अन् २०० बेंच दोन आठवडे लेट, तर राहिलेल्या १३ लाखांवर १३ हजार, पूर्ण ऑर्डरवर लावला तर २६.

कास्तकार, घाटंजी: आमचंही तेच, सीसीआयचा भाव फिक्स, कापसात ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापते अन् १२ च्या वर गाडी वापस. कोणासंग बोलता, वाळवूनच न्या लागते.

यवतमाळकर: दादा, तो विषय वेगळा, तिथं ऑर्डरच नसते.

वर्कशॉपवाला, दिग्रस: शाळांची यादी तर अजून देल्लीच नाही, नुसता ३८ आकडा आहे.

यवतमाळकर: मग आजच आवकमध्ये पत्र टाक, शिक्का घे. मुदत यादी भेटल्यापासून धरा म्हण.

निवृत्त लेखा लिपिक: पत्र टाका, पण मुदत ऑर्डरच्या तारखेपासूनच चालते. तसं ऑर्डरमध्ये नसेल तर यादीची तारीख कोणी मानणार नाही.

यवतमाळकर: मानत नसतील काका, पण मुदतवाढीच्या वेळी दंड सोडायला साहेबाजवळ दुसरा कोणता कागद राहणार?